फरशी न फोडता इंडियन संडासावर कमोड : गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एकच संडास, तोही उकिडवं बसायचा, आणि कुणाचे तरी गुडघे गेलेले. चौकशा बहुतेक इथूनच सुरू होतात. कधी गोमेकॉतून ऑपरेशन होऊन आई दोन दिवसांत घरी यायची असते, कधी चवथीला मुंबईहून आजी येणार असते. फरशी फोडायला ना वेळ असतो, ना भाटकाराची परवानगी. फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या जुन्या चिऱ्याच्या घरांत आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या फ्लॅटांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

फरशी न फोडता खरंच कमोड बसतो का?

बसतो. मात्र दुकानात मांडलेला चिनी मातीचा नेहमीचा कमोड आणून तो पॅनवर ठेवला, इतकं ते सोपं नाही. आधी फरशीच्या खाली काय आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

इंडियन पॅन म्हणजे नुसतं वरचं भांडं. दुर्गंध अडवणारं पाणी त्या भांड्यात नसतं. ते असतं खालच्या वाकड्या ट्रॅपमध्ये, आणि हा ट्रॅप फरशीच्या पोटात वेगळा बसवलेला असतो. पॅनच्या भोकातून बॅटरी मारून पाहिलं तर खाली पाणी चमकताना दिसतं, तेच हे सील. कमोडचं उलट आहे. त्याचा ट्रॅप त्याच्या भांड्यातच घडवलेला असतो, म्हणून बसल्यावर खाली कायम पाणी दिसतं.

तुमच्या फरशीखाली एक ट्रॅप आधीच आहे. तेव्हा वर जे ठेवाल त्याला दुसरा ट्रॅप नको. या एका नियमावर बाकीचं सगळं उभं आहे.

मग पर्याय कोणते?

पहिला पर्याय म्हणजे पॅनवर ठेवायचं स्टूल किंवा खुर्ची. चार पाय, मध्ये भोक असलेली सीट, खाली सगळं मोकळं. काम झालं की उचलून बाजूला ठेवता येते.

दुसरा म्हणजे पॅनवर पालथं बसणारं प्लास्टिकचं किंवा फायबरचं कवच. दुकानात याला कन्व्हर्टर म्हणतात, काही जण अ‍ॅडॅप्टर म्हणतात. बाहेरून ते कमोडसारखं दिसतं, वर सीट आणि झाकण असतं, पण आतून पोकळ असतं. त्याची खालची कड पॅनभोवतीच्या फरशीला सिलिकॉनने चिकटवतात. घाण पॅनमध्येच पडते आणि जुन्याच ट्रॅपमधून जाते.

तिसरा म्हणजे ओटा. पॅनच्या आजूबाजूला किंवा पुढे उंची वाढवायची आणि त्या उंचीवर बसायची नाहीतर पाय टेकायची सोय करायची. ओटा बांधीव असू शकतो, किंवा उचलता येणारी चौकटही चालते. बऱ्याच घरांत कवच आणि ओटा ही दोन्ही कामं एकत्र करावी लागतात. ते का, हे पुढच्या उदाहरणात येईलच.

आमचा प्लंबर म्हणतो, पॅनमध्ये रेती भरतो, वर सिमेंट करतो आणि साधा कमोड बसवतो. करू द्यावं का?

ही सूचना सगळ्यात जास्त वेळा येते आणि सगळ्यात जास्त तक्रारीही याच कामाच्या येतात. तो कमोडचा खालचा नळ पॅनच्या भोकात सोडतो, आजूबाजूला रेती-सिमेंट भरतो, वर टाइल लावतो. दिसायला काम सुंदर होतं आणि पहिला आठवडा बरा जातो. पण आता एकामागोमाग दोन ट्रॅप झाले. एक कमोडच्या पोटात, दुसरा जुना, फरशीखाली. दोन्हींत पाणी भरलेलं आणि मधल्या नळीत हवा कोंडलेली.

फ्लश केला की वरून येणारं पाणी त्या कोंडलेल्या हवेला ढकलतं. पुढे जुन्या ट्रॅपचं पाणी, मागे नवं पाणी, हवेला बाहेर पडायला वाट नाही. मग ती उलटी वर येते. कमोडमध्ये बुडबुडे फुटतात, गुडगुड आवाज येतो, पाणी वर चढून हळूहळू उतरतं. फ्लशचा जोर हवा दाबण्यातच खर्ची पडल्यामुळे घन मळ दोन ट्रॅपांच्या मधे रेंगाळतो. तिथे एकदा कागद किंवा कापूस अडकला की पुढे दर काही दिवसांनी तुंबतं.

आणखी एक अडचण रुंदीची. पॅनच्या भोकात जो पाइप घुसवाल तो त्या भोकापेक्षा लहानच असणार. म्हणजे कमोडचं तोंड मोठं आणि त्यानंतरची वाट अरुंद. मळाची वाट पुढे जाताना कधीच अरुंद होऊ नये हा प्लंबिंगचा जुना नियम आहे, आणि इथे तो सरळ मोडतो.

दोन ट्रॅपांच्या मधून हवा जायला वेगळा व्हेंट पाइप काढून तो छपराच्या वर नेला, तर त्रास बराच कमी होतो. पण तो पाइप काढायला पुन्हा फोडाफोड आलीच. तुमचा प्लंबर व्हेंटबद्दल स्वतःहून काही बोलत नसेल, तर त्याला हे काम देऊ नका.

पूर्वीच्या मालकाने असंच काही करून ठेवलंय का, हे कसं ओळखायचं?

बालदीभर पाणी कमोडमध्ये एका दमात ओता. निरोगी कमोडमध्ये पाणी जरासं चढतं आणि लगेच ओढलं जातं. दुहेरी ट्रॅप असेल तर पाणी वर येऊन थांबतं, एकदोन मोठे बुडबुडे फुटतात आणि मग सुस्तपणे उतरतं. कमोडच्या बुडाखालची फरशी बाकीच्या जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाची किंवा चारपाच इंच उंच असेल, तर संशयाला आणखी जागा आहे.

कवच किंवा स्टूल आणण्याआधी काय काय मोजायचं?

मेजरिंग टेप घेऊन खाली बसा आणि आकडे कागदावर लिहा. लोक फक्त पॅन मोजतात आणि खोली मोजायला विसरतात.

पॅनची लांबी-रुंदी घ्या. घरोघरी असतो तो पायठाणं असलेला ओरिसा पॅन साधारण ५८ सेंटिमीटर लांब आणि ४४ सेंटिमीटर रुंद असतो, पण जुने लहान पॅनही खूप आहेत. स्टूल घेणार असाल तर त्याच्या पायांमधलं आतलं अंतर पॅनपेक्षा जास्त हवं. पाय चिनी मातीच्या कडेवर आला की एक तर तो घसरतो, नाहीतर पॅनला तडा जातो.

मग भोक नेमकं कुठे आहे ते पाहा. काही पॅनमध्ये ते मागच्या भिंतीकडे असतं, काहींत पुढे. सीटच्या भोकाचा मध्य पॅनच्या कोणत्या भागावर येतो हे त्यामुळे ठरतं. तो भोकावर किंवा भोकाकडे उतरणाऱ्या ओल्या उतारावर यायला हवा. कोरड्या सपाट भागावर आला, तर मळ तिथेच चिकटून राहणार आणि प्रत्येक वेळी घासावा लागणार.

मागच्या भिंतीपासून पॅनची मागची कड किती दूर आहे, फ्लशचा पाइप भिंतीतून कुठे येतो, नळ आणि त्याखालची बालदी कुठे असते, हेही लिहा. कवच या सगळ्यांच्या मधे बसायचं आहे.

शेवटी पॅनच्या पुढे किती सपाट जागा उरते आणि पॅनचा ओटा बाथरूमच्या जमिनीपासून किती उंच आहे, हे मोजा. गोव्यातल्या जुन्या घरांत संडास बहुधा एक पायरी चढून असतो, कारण ट्रॅपला खाली जागा मिळावी म्हणून पॅनच उचलून बसवलेला असतो. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो.

एक उदाहरण आकड्यांसकट सांगाल?

म्हार्दोळ बाजूचं एक चिऱ्याचं घर घ्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकी, वय सत्तरीच्या पुढे. संडासाची खोली आतून ९० सेंटिमीटर रुंद आणि १४० खोल. मागच्या भिंतीपासून ९० सेंटिमीटरपर्यंत १७ सेंटिमीटर उंचीचा ओटा, त्यात पॅन. पुढचे ५० सेंटिमीटर खालच्या पातळीवर, तिथेच एका कोपऱ्यात न्हाणीची जाळी. दार आत उघडणारं.

पॅन भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर सुरू होऊन ७३ वर संपतो. कन्व्हर्टर बसवल्यावर त्याची पुढची कड जवळजवळ तिथेच येते. म्हणजे काकी सीटवर बसल्या की त्यांच्या टाचांपुढे ओट्याचे फक्त १७ सेंटिमीटर उरतात. पाऊल २४ सेंटिमीटरचं. बोटं ओट्याबाहेर लोंबणार. पाय खालच्या जमिनीवर टेकवायचे म्हटलं, तर कवच आणि सीट मिळून ४४ आणि त्यात ओट्याचे १७, अशी बसायची उंची ६१ सेंटिमीटर होते. काकींच्या गुडघ्यामागच्या वळणापासून तळव्यापर्यंत अंतर ४२. पाय अधांतरी राहतात. अधांतरी पाय म्हणजे मांडीखाली रग लागते, जोर देता येत नाही आणि उठताना पुढे घसरून पडण्याची भीती.

हे कवच सपाट जमिनीवरच्या पॅनला नीट बसलं असतं. इथे गरज होती पुढच्या ५० सेंटिमीटरची उंची वाढवायची.

तिथे चिरे लावून भराव करायचा विचार पहिल्यांदा येतो, आणि मेस्त्रीही तेच सुचवतो. पण तसं केलं तर न्हाणीची जाळी बुजते आणि धुण्याचं पाणी दाराबाहेर येतं. म्हणून ९० गुणिले ५० सेंटिमीटरची, १७ सेंटिमीटर उंच अ‍ॅल्युमिनियमची चौकट बनवायची आणि वर खरखरीत पृष्ठभागाच्या पट्ट्या बारीक फटी ठेवून लावायच्या. पाणी फटींतून खाली जातं आणि जुन्याच जाळीतून निघून जातं. चौकट भिंतीला आणि ओट्याला टेकून बसते, हलत नाही. महिन्यातून एकदा दोघांनी उचलायची आणि खालची जागा घासायची. ओटा आणि चौकट एका पातळीत आले की काकींच्या टाचांपुढे ६७ सेंटिमीटर सपाट जागा मिळते. तेवढ्यात वळून बसता येतं आणि उठून उभंही राहता येतं.

आता दार. चौकटीमुळे ते आत उघडणारच नाही. बिजागऱ्या काढून ते बाहेर उघडतं केलं पाहिजे. हे काम टाळू नका. दार आत उघडणारं असेल आणि माणूस आत पडला, तर तो दारालाच अडतो आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही.

१७ सेंटिमीटरची पायरी आता दारात आली. ती चढताना धरायला दाराच्या चौकटीला उभा दांडा लावायचा. फरशीची एकही टाइल न काढता हे सगळं होतं, आणि काकींसाठी उंची ४४ राहते. त्यांच्या ४२ च्या मापाला ती ठीक आहे.

बसायची उंची किती असावी?

पाय जिथे टेकतात तिथपासून मोजायची, पॅनच्या तळापासून नाही. नेहमीचा कमोड सीटसकट ४० ते ४२ सेंटिमीटरच्या आसपास असतो. गुडघे दुखणाऱ्यांना ४५ च्या जवळ बरं वाटतं, कारण उठताना गुडघा कमी वाकतो. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा खाली जाऊ द्यायचा नसतो, त्यामुळे त्यांना आणखी उंच सीट लागते. नेमका आकडा त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. बुटक्या माणसाला उगाच उंच सीट देणंही बरोबर नाही.

कवच बसवायचं कसं? स्वतः जमेल का?

जमतं. मात्र घाई करू नका, आणि चोवीस तास दुसऱ्या संडासाची सोय ठेवा.

आधी पॅन आणि त्याभोवतीची फरशी आम्लाने नव्हे, साबणाने आणि घासणीने स्वच्छ करा. जुना चुन्याचा थर ब्लेडने खरवडा. मग कवच कोरडंच ठेवून पाहा. बसून पाहा. डुलतंय का? संडासाची फरशी नेहमी पॅनकडे उतरती असते आणि पायठाणं थोडी वर आलेली असतात, त्यामुळे कुठेतरी फट राहणारच. दोनतीन मिलिमीटरची फट सिलिकॉन भरून काढतं. त्याहून मोठी असेल तर रबराच्या पट्ट्या किंवा प्लास्टिकच्या पाचरी घाला. लाकडाच्या पाचरी नकोत, त्या फुगतात आणि कुजतात.

जागा ठरली की पेन्सिलने बाहेरची रेघ मारा, कवच उचला आणि फरशी पूर्ण कोरडी करा. बाथरूमसाठी मिळतं ते बुरशीरोधक सिलिकॉन घ्या. रेघेच्या आत अखंड जाड पट्टी ओढा, कवच सरळ खाली ठेवा, दाबा आणि बाहेरून दुसरी बारीक पट्टी देऊन ओल्या बोटाने गुळगुळीत करा. नंतर चोवीस तास कुणी बसू नये.

पावसाळ्यात सिलिकॉन सुकणार नाही असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ते हवेतल्या दमटपणामुळेच घट्ट होतं, तेव्हा आपल्या जून-जुलैच्या हवेची अडचण नाही. अडचण आहे ती ओल्या फरशीची, तिच्यावर ते धरतच नाही. हेअर ड्रायर असेल तर वापरा.

पांढऱ्या सिमेंटने कवच चिकटवू देऊ नका. प्लास्टिक बसताना किंचित लवतं, सिमेंट लवत नाही. मग तडे पडतात, तड्यांत लघवी जाते आणि वास कुठून येतो हे घरात कुणाला कळत नाही.

फ्लशची टाकी लागते का? आमच्याकडे बालदी आणि तांब्या आहे.

जुनी टाकी असेल तर तिचं पाणी पूर्वीसारखंच पॅनच्या कडेतून येत राहील, तिला हात लावू नका. फक्त कवचाखाली पाइप दबत नाही ना, ते पाहा. टाकी नसेल तर बालदीही पुरते. पाचसहा लिटर पाणी एका दमात, सीटच्या भोकातून, मळ जिथे आहे त्याच्या वरच्या बाजूला ओतायचं. तांब्यातांब्याने वीस लिटर ओतलं तरी पाणी नुसतं वाहून जातं आणि मळ जागीच राहतो. काम होतं ते पाण्याच्या लोंढ्याच्या धक्क्याने.

एक गोष्ट मान्य करूनच पुढे जावं. कवचात कमोडसारखं पाणी साठलेलं नसतं. मळ वरून कोरड्या-ओल्या उतारावर पडतो, आणि कवचाच्या आतल्या भिंतीवर, विशेषतः पुढच्या बाजूला, शिंतोडे उडतात. जेट स्प्रे असेल तर प्रत्येक वेळी आतून एक फेरी मारली की भागतं. ज्या घरात हे रोज कुणी करणार नाही, तिथे आठवड्याभरात वास येऊ लागतो. तो वास गटाराचा नसतो, भांड्याचाच असतो.

बाबांना अजून उकिडवंच बसायचं आहे, आईला जमत नाही. एकच संडास आहे.

मग कवच नको, स्टूल घ्या. चिकटवलेलं कवच रोज काढता येत नाही, आणि न चिकटवता ठेवलेल्या कवचाखालून पाणी गळतं. स्टूल घेताना पायांची उंची एकेका टप्प्याने कमीजास्त होणारी हवी, म्हणजे उतरत्या फरशीवर चारही पाय टेकवता येतात. बुडाला रुंद रबरी बूच हवेत, आणि हातांना दोन्ही बाजूंनी दांडे. सीटखाली पुढच्या बाजूला लघवी अडवणारा प्लास्टिकचा पडदा असलेलं स्टूल मिळालं तर तेच घ्या, नाहीतर पाय ओले होतील. वजनाची मर्यादा वाचूनच घ्या.

रात्री अंधारात आईनेच स्टूल उचलून मांडायचं अशी वेळ येऊ देऊ नका. ते रात्रभर मांडलेलं राहू दे आणि सकाळी बाबांनी उचलावं.

पावसात आमचा संडास आधीच भरल्यासारखा वाटतो. त्यावर कवच बसवलं तर?

गोव्यात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सांडपाण्याच्या वाहिन्या पणजी, मडगाव, वास्को अशा शहरी भागांतच. बाकी बहुतेक घरं सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्यावर चालतात. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. शेताकाठच्या सखल भागात भूजल इतकं वर येतं की शोषखड्ड्याला पाणी शोषायला जागाच राहत नाही. टाकी भरते, पाणी पाइपात मागे येतं आणि पॅन हळू उतरू लागतो.

उघड्या पॅनमध्ये हे लगेच दिसतं. कवचाखाली ते दिसत नाही, आणि पाणी वर आलंच तर कवचाच्या कडेखालून जमिनीवर पसरतं. म्हणून काम करायच्या आधी पॅनमध्ये दहा लिटरची बालदी एका दमात ओता. पाणी काही सेकंदांत गडप झालं पाहिजे. पॅनमध्ये साठून राहत असेल, तर आधी टाकी उपसून घ्या किंवा अडथळा काढा, मग कवचाचं बघू. मे महिन्यात ही परीक्षा पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. जुलै-ऑगस्टच्या झडीत पुन्हा करा, तेव्हाचा निकाल खरा.

हाताला धरायला दांडा कुठे आणि कसा?

बसल्यावर हात जिथे सहज पडतो तिथे, म्हणजे सीटच्या वर साधारण २० ते २५ सेंटिमीटर, बाजूच्या भिंतीला आडवा. मुठीत नीट बसेल अशी साडेतीन-चार सेंटिमीटरची जाडी.

चिऱ्याच्या भिंतीत मात्र सावध राहा. जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यात साधा प्लास्टिकचा प्लग ठोकला की तो थोड्या दिवसांत फिरू लागतो. माणूस उठताना आपलं जवळजवळ सगळं वजन दांड्यावर टाकतो, नेमका तेव्हाच तो निघतो. चिऱ्यात लांब बोल्ट रासायनिक चिकटद्रव्याने पक्के करावेत, किंवा भिंत बाहेरच्या बाजूने मोकळी असेल तर बोल्ट आरपार नेऊन बाहेर लोखंडी पट्टी लावावी. लावून झाल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला लोंबकळून बघायला सांगा. नळाला धरून उठायची सवय कुणालाही लागू देऊ नका.

आमच्या संडासाच्या मागेच चेंबर आहे. खरा कमोड बसवायचा काही मार्ग?

आहे. माझ्या मते तळमजल्याच्या स्वतंत्र घराला हाच सगळ्यात चांगला मार्ग, आणि तो फारच कमी लोक सुचवतात. फरशी न फोडता मागची भिंत भोसकायची.

पी-ट्रॅपचा कमोड घ्यायचा. त्याचं तोंड खाली न जाता मागे, बुडापासून साधारण १८ सेंटिमीटरवर भिंतीकडे निघतं. भिंतीला कोअर कटरने ११० मिलिमीटरच्या पाइपाला पुरेल एवढं भोक पाडायचं. चिरा मऊ असल्यामुळे काम लवकर होतं, मात्र जुन्या घरांच्या भिंती जाड असतात, तेव्हा कटरची लांबी आधी विचारा. पाइप बाहेर नेऊन चेंबरपर्यंत मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्यायचा.

जुन्या पॅनचा ट्रॅप या मार्गात वापरातच राहत नाही, त्यामुळे दोन ट्रॅपांचा प्रश्न मिटतो. फक्त जुन्या पॅनचं भोक सिमेंटने पक्कं बंद केलं पाहिजे. तसंच सोडलं तर आतलं पाणी सुकेल आणि टाकीतला वायू थेट खोलीत येईल. मग पॅनमध्ये रेती ठासून भरायची, वर काँक्रीटचा थर, आणि त्यावर कमोड. पाय टेकायच्या उंचीचा हिशेब वरच्या उदाहरणासारखाच. फ्लॅटमध्ये हे जवळजवळ कधीच शक्य होत नाही, कारण मागे शेजाऱ्याची खोली नाहीतर उघडा डक्ट असतो.

स्टूल स्टीलचं घेऊ की प्लास्टिकचं?

समुद्राजवळ राहत असाल तर पॉलिश केलेलं लोखंडी मुळीच नको. वेल्डिंगच्या सांध्यांतून गंज सुरू होतो आणि रबरी बुचाच्या आत पाय कुजतो, वरून काही कळत नाही. अ‍ॅल्युमिनियम किंवा ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या. संडास साफ करायचं आम्ल मात्र दोन्हींना खातं. ते ओतायचं असेल तेव्हा स्टूल आधी बाहेर काढा.

भाड्याचं घर आहे. सोडताना सगळं पूर्ववत करता येईल?

स्टूल आणि चौकट उचलून न्यायची. कवचाची सिलिकॉनची कड धारदार ब्लेडने सगळीकडून कापली की ते सुटतं, आणि उरलेला थर खरवडून निघतो. दांड्यांची भोकं तेवढी बुजवावी लागतील. पी-ट्रॅपचा मार्ग भाड्याच्या घरात भाटकाराच्या लेखी संमतीशिवाय करू नका, कारण पॅन एकदा भरला की तो परत मिळत नाही.